क्रियापद येईपर्यंत कोण थांबतंय

माझं सगळं आयुष्य प्रूफं वाचण्यात गेलं. कोल्हापुरातल्याच एका छापखान्यात सत्तावीस वर्षं, लाल पेन आणि समोर ओल्या शाईचा वास. त्यामुळे भाच्यानं जेव्हा पहिल्यांदा म्हटलं, "मामा, माझी व्हिडिओची स्क्रिप्ट जरा बघा की", तेव्हा मला वाटलं यात काय एवढं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, अनुस्वार बघायचा, द्यायचं परत. आणि मी तसंच केलं. त्यानं 'केलं' लिहिलं होतं तिथं 'केले' केलं, 'पाणी आलं' होतं तिथं 'पाणी आले' केलं, दोन छोटी वाक्यं शेजारीशेजारी दिसली की मधे 'असून' टाकून जोडून टाकली, कारण छापखान्यात आम्हाला तसंच शिकवलेलं, तुटक वाक्यं म्हणजे शाळकरी लिखाण. शेवटी खाली सही करून दिली. अगदी समाधानानं.

त्यानं ती स्क्रिप्ट पंचगंगा घाटावर उभं राहून म्हणायचा प्रयत्न केला आणि रात्री घरी येऊन टेबलावर कागद आपटले. म्हणाला, "ओ मामा, हे वाक्य म्हणताना दम लागतोय की! अकरा टेक झाले माझे."

मी म्हटलं, तुझा सराव नाही. तो म्हणाला, मग तुम्ही म्हणून दाखवा. मी उभा राहिलो, घसा खाकरला, आणि सोळाव्या शब्दावर अडकलो. हो, सोळावाच, नंतर बसून मोजलाय.

ते वाक्य आता पूर्ण देतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. व्हिडिओ होता पुरावर. दर पावसाळ्यात कोल्हापुरात एकच चर्चा असते, राधानगरी धरणाचं दार उघडलं का आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर आलं. त्यातलं हे एक वाक्य:

"राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून भोगावती नदीवर साकारलेल्या राधानगरी धरणाच्या पाणलोट क्षेत्रात गेल्या काही दिवसांपासून सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे धरण पूर्ण क्षमतेने भरले असून धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एक दरवाजा उघडून त्यातून १४२८ क्युसेक पाण्याचा विसर्ग भोगावती नदीपात्रात सुरू झाला आहे."

मोजून ४० शब्द. कागदावर बघितलं तर एकही चूक नाही, आणि खरं सांगायचं तर आजही डोळ्यानं वाचताना मला ते वाक्य आवडतं, त्यात एक भारदस्तपणा आहे. पण ते म्हणून बघा. 'सुरू असलेल्या' इथपर्यंत आलात की श्वास संपतो, तो सोळावा शब्द, आणि तिथं श्वास घेतला की 'असलेल्या' आणि 'मुसळधार' यांची फारकत होते. काय सुरू असलेलं? तेवढ्यात माणूस हवा ओढतोय. माइकला तो हुस्स असा आवाज येतो. आता कुणी म्हणेल एडिटिंगला श्वास कापता येतो, येतोच, भाचा सर्रास कापतो. पण आवाज कापला तरी अर्थाला जिथं फट पडली ती तशीच राहते, उलट आता चित्रही तिथं टुक्कन उडी मारतं.

पण मला वाटतं दम लागणं ही यातली लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट मला आईनं दाखवली.

आई माझी ब्याऐंशीची, शिवाजी पेठेतल्या घरात खिडकीशी बसून घेवडा निवडत होती. मी म्हटलं आई, हे ऐक जरा, आणि वाक्य वाचलं. मग विचारलं काय कळलं? म्हणाली, "आरं शाहू महाराजांचं कायतरी सांगतुयास न्हवं?" म्हणजे धरण भरलं नाही, दार उघडलं नाही, पाणी आलं नाही. आणि पूर म्हणजे काय हे या बाईला सांगायची गरज नाही, तिनं गंगावेशीकडं चढणारं पाणी कितीदा बघितलंय. तिला विषय माहीत, शब्द माहीत, तरी काय झालं ते कळलं नाही.

का, तर मराठीत क्रियापद शेवटी येतं. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की लक्षातच येत नाही. वाक्यात काय घडलं ते शेवटच्या शब्दाला कळतं, तोपर्यंत ऐकणाऱ्यानं मधलं सगळं ओंजळीत धरून ठेवायचं. महाराजांच्या, दूरदृष्टीतून, नदीवर, साकारलेल्या, धरणाच्या, क्षेत्रात, दिवसांपासून, असलेल्या, पावसामुळे, हे सगळं नुसतं धरून ठेवायचं सामान आहे, ठेवायचं कुठं ते अजून सांगितलेलंच नाही. या वाक्यात पहिलं क्रियापद, म्हणजे 'भरले', येतं बाविसाव्या शब्दाला. वाचताना डोळा मागं जाऊन बघून येतो, आपल्या नकळत दोनतीनदा जातो. कान मागं जात नाही. आईनं ओंजळीत पहिली आलेली गोष्ट, शाहू महाराज, घट्ट धरली आणि बाकीचं सांडलं. तिचं काही चुकलं नाही.

तेव्हापासून मी स्क्रिप्ट तपासताना शब्द मोजतच नाही फारसे. पुढचं क्रियापद किती लांब आहे ते मोजतो. यूट्यूबवर सल्ले देणारे सांगतात की वाक्य पंधरा शब्दांच्या वर नेऊ नका, मिनिटाला दीडशे शब्द धरा वगैरे. तो हिशोब इंग्रजीचा आहे. आपल्याकडं 'नदीपात्रातूनसुद्धा' हा एकच शब्द होतो, आत चार गोष्टी बसल्यात. मी भाच्याला घड्याळ लावून तपासलं, तो निवांत बोलला तर मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे सेकंदाला दोन. ते त्याचं, तुमचं वेगळं असेल, मोजून घ्यावं लागतं. पण या हिशोबानं ते ४० शब्दांचं वाक्य झालं वीस सेकंदांचं, आणि त्यातली पहिली अकरा सेकंदं ऐकणाऱ्याला काहीही घडलेलं कळत नाही. फोन हातात असलेल्या माणसाला अकरा सेकंद म्हणजे काय हे मी सांगायला नको, तो तोवर कुस्तीच्या रीलवर असतोय.

मग आम्ही दोघांनी बसून ते फोडलं. मधे दोन वेळा चहा झाला. शेवटी जे राहिलं ते असं:

"राधानगरीचं एक दार उघडलं. कुणी उघडलं नाही, ते आपोआप उघडतं. धरण काठोकाठ भरलं, की पाण्याच्या दाबानंच ते दार उघडतं. अशी सात दारं आहेत. एका दारातून सेकंदाला चाळीस हजार लिटर पाणी बाहेर पडतं. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर, प्रत्येक सेकंदाला."

गंमत बघा, हेही शब्द मोजले तर ४०च. आम्ही ठरवून केलं नव्हतं, नंतर मोजले तेव्हा भाचा हसायला लागला. म्हणजे एक शब्द वाचला नाही, आणि थांबे वाढल्यामुळे म्हणायला उलट दोनतीन सेकंदं जास्तच लागतात. वाक्यं लहान केली की व्हिडिओ लहान होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा करून बघावं. फरक एवढाच की आता चौथ्या शब्दाला काहीतरी घडलेलं असतं, आणि नंतर दर तीनचार, फार तर नऊ शब्दांनी घडत राहतं.

यात महाराजांचं नाव गेलं, ते पुढं घेतलं. 'पाणलोट क्षेत्र' गेलं. 'विसर्ग' गेला, आणि तो गेला याचा मला व्यक्तिशः आनंद आहे, 'विसर्ग' म्हणताना जिभेची जी फरफट होते ती अकरा टेकमधल्या तीनांना कारण होती. १४२८ क्युसेकही गेले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. १४२८ गुणिले तेवढं केलं की ४० हजारांच्या थोडं वर जातं. वरचे चारेकशे लिटर सोडून दिले, बोलताना चालतं. बातमीत रोज '१४२८ क्युसेक' येतो म्हणून त्याला तो आकडा हवाच होता, मग तो पडद्यावर लिहिला. तोंडानं टँकर, डोळ्याला क्युसेक, असा तोडगा निघाला.

आकड्यांवरनं एक सांगायचं राहिलं, आणि हे मराठीतलंच दुखणं आहे. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ. कागदावर ३९ आणि ४३ अगदी वेगळे दिसतात. म्हणून बघा, एकोणचाळीस आणि त्रेचाळीस. दोन्हीचं शेपूट चाळीस! कानाला शेवटचंच जास्त ऐकू येतं. मी हे वाक्य आमच्या शेजारच्या मुलीला, जी कॉलेजला सांगलीहून आलेली आहे, वाचून दाखवलं आणि पाच मिनिटांनी विचारलं, तर म्हणाली चाळीस काहीतरी इशारा आणि चाळीस काहीतरी धोका. तिचं अगदी बरोबर आहे, तिनं जे ऐकलं तेच सांगितलं. मग आम्ही ते असं केलं: "एकोणचाळीस फुटांना इशारा. तिथून फक्त चार फूट वर गेलं, की धोका." त्रेचाळीस उच्चारलाच नाही, पडद्यावर पट्टीवर दाखवला. आणि स्क्रिप्टमधे आकडे अक्षरात लिहायचे हा नियमच केला, कारण आकडा दिसला की बोलणारा क्षणभर ठरवत बसतो, एक हजार चारशे अठ्ठावीस म्हणू का चौदाशे अठ्ठावीस, आणि ते ठरवणं तोंडावर दिसतं. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना तर एकोणसाठ म्हणजे ४९ का ५९ इथंच घाम फुटतोय.

आता इथं एक खड्डा आहे आणि आम्ही त्यात पडलो. छोट्या वाक्यांचा शोध लागल्यावर भाच्यानं सगळी स्क्रिप्ट तशी केली. पाऊस आला. नदी भरली. पाणी चढलं. लोक निघाले. मी वाचायला घेतलं आणि दोन मिनिटांत मला पहिलीच्या बाईंची आठवण आली, कमल नमन कर. सगळी वाक्यं एकाच मापाची झाली की ते बोलणं वाटत नाही, कवायत वाटते, आणि कवायतीत कान झोपतो. माणूस बोलताना असं बोलत नाही. कोल्हापूरचा माणूस तर नाहीच, तो एकदा सुरू झाला की मिरजकर तिकटीपासून रंकाळ्यापर्यंत एकाच वाक्यात घेऊन जाईल. पण ते ऐकवतं. का ऐकवतं? मी हे पानपट्टीवर उभं राहून मुद्दाम ऐकलंय. एकजण सांगत होता: "रात्री दोनला पाणी दारात आलं, म्हटलं असूदे, तीनला पायरीला लागलं, म्हशी सोडल्या, बायकोला म्हटलं पोरं घे, आणि टॉर्च शोधतोय तोवर लाइट गेली." बावीस शब्द. एकदम म्हटलेलं. पण त्यात क्रियापदं बघा, आलं, म्हटलं, लागलं, सोडल्या, शोधतोय, गेली, जवळजवळ दर तीन शब्दांना एक. ओंजळीत काही साठतच नाही, आलं की ठेवलं, आलं की ठेवलं. वाक्य लांब असलं तरी ते घडत गेलेल्या क्रमानं चाललंय.

तर मग लांब वाक्य वाईट नाही, शेवटी गाठ मारलेलं लांब वाक्य वाईट. 'असलेल्या', 'झालेल्या', 'करण्यात आलेल्या' ही त्या गाठीची चिन्हं. स्क्रिप्टमधे 'लेल्या' दोनदा पाठोपाठ दिसलं की मी आता पेन्सिल थांबवतो. तसंच 'करण्यात येते', 'सोडण्यात येतो'. कोण करतंय ते लपवायला सरकारी कागदाला हे लागतं, व्हिडिओत बोलणाऱ्याला कशाला? पाणी सोडतात. झालं.

आमची तपासायची पद्धत फार थोर नाही. कागदावर छापून घ्यायचं, फोनवर बघून नाही. उभं राहून म्हणायचं, पुटपुटायचं नाही, घाटावर म्हणणार तेवढ्याच आवाजात, कारण पुटपुटताना श्वास पुरतो आणि फसवतो. आणि पहिल्यांदा लिहिणाऱ्यानं म्हणायचं नाही, दुसऱ्यानं, ज्यानं ते आधी वाचलेलंच नाही त्यानं. लिहिणाऱ्याला वाक्य कुठं वळणार ते माहीत असतं म्हणून तो अडखळत नाही, नवा माणूस बरोबर जिथं खड्डा आहे तिथंच पडतो. आमच्याकडं हे काम बायको करते, तिला व्हिडिओत काडीचा रस नाही हे तिचं मोठं भांडवल. मी शेजारी दुसरी प्रत घेऊन बसतो. तिनं श्वास घेतला तिथं उभी रेघ. अडखळली किंवा मागं जाऊन परत म्हटलं तिथं खाली नागमोडी. आणि माझं स्वतःचं लक्ष जिथं उडालं, गॅसवर दूध आहे का आठवलं, तिथं समासात छोटा गोल. गोल काढायचा तर प्रामाणिक राहावं लागतं. भाच्यासमोर तर जास्तच.

आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी घड्याळाची वेळ लिहायची. हे छोटंसं वाटतं पण यानं माझे डोळे उघडले. कागदावर 'सुरुवात' म्हणजे पहिलं पान असतं, मला छापखान्याची सवय, पहिलं पान म्हणजे काही विशेष नाही. पण समासात वेळा लिहिल्या तेव्हा कळलं की त्याच्या स्क्रिप्टमधे "नमस्कार मंडळी, मी तुमचा" पासून घाटाचं वर्णन, मंदिरं, कमानी, सकाळचं धुकं, मग ते चाळीस शब्दांचं वाक्य, हे करत करत ज्या प्रश्नासाठी व्हिडिओ उघडला तो प्रश्न, म्हणजे राधानगरीचं दार उघडलं म्हणजे कोल्हापुरात पूर येणारच का, हा येत होता एक मिनिट दहा सेकंदाला. शीर्षकात तो प्रश्न लिहिलाय, लोक तो वाचून आलेत, आणि आपण त्यांना धुकं दाखवतोय. पाहुण्याला जेवायला बोलवून बैठकीत अल्बम दाखवत बसायचं तसलं.

प्रश्न आम्ही सात सेकंदांवर आणला. नमस्कार काढला नाही, तो म्हणाला नमस्काराशिवाय मला बोलताच येत नाही, मग प्रश्नाच्या मागं एका श्वासात टाकला.

दुसरी जागा जिथं माझ्या समासात गोल आला ती होती नद्यांची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, या मिळून पंचगंगा, प्रयाग चिखलीला संगम. पाच नावं सलग. माहिती बरोबर, कोल्हापूरच्या माणसाला तर अभिमानाची, पण नावं सलग आली की ऐकणारा तिसऱ्याला सोडून देतो. ती काढायची नव्हती, कारण व्हिडिओचं उत्तरच त्यात होतं. राधानगरी फक्त भोगावतीवर आहे. बाकीच्या नद्यांचं पाणी, शिवाय धरणाच्या खाली जो पाऊस पडतो त्याचं पाणी, ते राधानगरीच्या दारातनं येतच नाही. म्हणून दार बंद असताना पण पाणी चढतं, आणि नुसतं एक दार उघडलं म्हणून पूर येतोच असंही नाही. मग आम्ही यादी फोडली. आधी भोगावती एकटी आणली आणि सांगितलं दाराचं पाणी हिच्यात जातं. मग म्हटलं, पण संगमावर ही एकटी येत नाही. मग बाकीच्या आणल्या, आता त्या यायला कारण होतं.

बघणारा निघून जायच्या जागा बहुतेक अशा सांध्यांवर असतात, एवढं माझ्या लक्षात आलंय. "आता आपण पाहूया" म्हटलं की दार उघडून दिल्यासारखं होतं, एक गोष्ट संपली, दुसरी अजून सुरू नाही, जायला बरी वेळ. सांध्यावर 'पण' टाकता आला पाहिजे. दाराचं पाणी भोगावतीत जातं, पण संगमावर ती एकटी येत नाही. 'पण' किंवा 'म्हणून' बसत नसेल आणि 'आणि' किंवा 'आता'च बसत असेल, तर ते दोन तुकडे एकमेकांना लागून नाहीत, नुसते शेजारी ठेवलेत.

आता माझी फजिती. व्हिडिओ लावायच्या आधी मी भाच्याला कागदावर तीन जागी फुल्या मारून दिल्या होत्या, इथं लोक जाणार म्हणून. त्यातली सगळ्यात मोठी फुली होती शाहू महाराजांच्या भागावर, अडीच मिनिटाच्या पुढं. धरणाचं काम महाराजांनी सुरू केलं, त्यामागचा विचार काय, असं जवळजवळ पन्नास सेकंद. मी म्हटलं विषय सोडून इतिहास, इथं रेष कोसळणार, काढ. तो म्हणाला मामा, हे काढलं तर मला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ठेवलं.

दोन दिवसांनी त्याच्या यूट्यूब स्टुडिओत तो आलेख आला. किती टक्के लोक कुठल्या सेकंदाला अजून बघतायत, अशी रेष असते, सुरुवातीला पडते आणि मग हळूहळू उतरत जाते. पहिल्या तीस सेकंदांचा आकडा वेगळा दाखवतात. तो त्याच्या आधीच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा चांगला होता, ते ठीक. महाराजांच्या भागात रेष जवळजवळ सपाट. कुणी हललं नाही. मी कोल्हापुरात साठ वर्षं राहून हे ओळखू नये म्हणजे कमाल. कागदावर 'विषयांतर' दिसलं म्हणून मी फुली मारली, बघणाऱ्याच्या मनात ते विषयांतर नव्हतंच.

आणि रेष खरी कोसळली ती जिथं माझी फुली नव्हती तिथं. पाच मिनिटं दहा सेकंद. तिथं वाक्य काय होतं? "तर मंडळी, आता तुमच्या लक्षात आलंच असेल." एवढंच. पुढं अजून दोन मिनिटांचा ऐवज होता, आणि खरंतर सगळ्यात उपयोगाचा, पातळी कुठं बघायची, सुतारवाड्यात पाणी शिरायला लागलं म्हणजे शहरात काय समजायचं, चिखली-आंबेवाडीची माणसं कधी सामान हलवतात. पण 'तर मंडळी' आणि 'आलंच असेल' हे कीर्तनात शेवटचा अभंग सुरू झाल्यासारखं आहे, लोक चपला शोधायला लागतात. मी ते वाक्य पाचसहा वेळा वाचलं होतं. श्वासाला सोपं, क्रियापद जवळ, जीभ अडत नाही, म्हणून माझी पेन्सिल त्यावरनं सरळ गेली. म्हणायला सोपं वाक्यसुद्धा माणसाला घरी पाठवू शकतं हे माझ्या पद्धतीत कुठं बसतच नव्हतं. आता मी निरोपाचे शब्द वेगळे शोधतो, 'तर', 'थोडक्यात', 'शेवटी', 'एकंदरीत', आणि ते जिथं असतील तिथं समासातली वेळ बघतो.

त्या आलेखात टँकरच्या वाक्यावर एक छोटा उंचवटा होता. म्हणजे काही लोकांनी मागं नेऊन ते परत बघितलं. भाचा खूश, लोकांना आवडलं म्हणाला. मी म्हटलं बाबा, परत बघतात ते आवडलं म्हणून किंवा कळलं नाही म्हणून, रेष दोन्हीला सारखीच वर जाते. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत, टँकर पटकन आला, चाळीस हजार डोक्यात बसायच्या आत चारचा गुणाकार आला, तिथं एक श्वासभर गप्प बसायला हवं होतं. त्याचं मत, मामाला सगळ्यात चूकच दिसते. त्यात तथ्य आहे, सत्तावीस वर्षं त्याचाच पगार घेतला.

परवा त्यानं पुढच्या व्हिडिओचं पाठवलं, गुऱ्हाळावर. कागद नाही, व्हॉइस मेसेज, नऊ मिनिटांचा. म्हणाला आधी बोलून बघितलंय, आता तुम्ही लिहून घ्या आणि काय ते मारा रेघा. मी दुपारी बसून शब्द न शब्द उतरवून काढलं, 'म्हणजे' आणि 'काय आहे ना' सकट. गुळाचा पाक काहिलीतनं, म्हणजे मोठ्या कढईतनं, गार करायच्या वाफ्यात ओततात त्याचं वर्णन होतं, एकच वाक्य, तीस शब्दांच्या वर गेलेलं, पाक उसळतो, फेस येतो, गुळव्या हात वर करतो, चौघं कड्या धरतात, काहील कलते, असं सरकत सरकत जाणारं. उभी रेघ मारायला पेन्सिल टेकवली आणि जागाच सापडेना. बायकोला म्हणायला लावलं, ती एका दमात म्हणून गेली आणि म्हणाली गूळ संपलाय, येताना आणा.

रेघ मारली नाही. तसंच ठेवलं.